मावशीच्या लॅपटॉपवरच्या पाट्या

मावशी वर्गात शिरली की आधी भिंतीतलं प्लगचं ठिकाण शोधायची. मग पहिल्या बाकाच्या कडेला तिरकी बसून मांडीवर जाड उशी ठेवायची, उशीवर लॅपटॉप, आणि पिशवीतून आणलेली लांब वायर पायाखालून भिंतीपर्यंत नेऊन तिच्यावर चिकटपट्टी लावायची. एकदा एक प्राध्यापक त्या वायरीत अडखळून पडता पडता वाचले होते. तेव्हापासून चिकटपट्टीचं रीळ पिशवीत कायम.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड. वर्गात जो बोलेल त्याचं बोलणं ती त्याच वेळी टाइप करायची, आणि ते शब्द ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्या टॅबवर उमटायचे. इतक्या वेगाने सगळे शब्द पुरते टाइप करणं कुणाच्या बापाला जमत नाही. म्हणून मावशीने खुणा ठरवल्या होत्या. दोन अक्षरं दाबली की ‘सिमेंट’, तीन दाबली की ‘असं आपण मागच्या तासाला बघितलं’. लॅपटॉपमधला एक छोटा प्रोग्रॅम त्या खुणांचे पुरे शब्द करून पुढे पाठवायचा. आधीची कितीतरी वर्षं तिने एका कचेरीत साहेबांची पत्रं टाइप केली होती. ती म्हणायची, “तिथे साहेब थांबायचे माझ्यासाठी. इथे कुणी थांबत नाही. बोलणारा पुढे, मी मागे, जशी बस सुटतेय आणि मी धावतेय.”

ज्या मुलीसाठी ही धावाधाव, तिला मावशी वकीलबाई म्हणायची. कारण एकच, वादाला तोटा नाही. वकीलबाईला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं, पण ती बोलायची, भरपूर बोलायची, थोडं जड आणि खूप ठासून. तिचा अभ्यास सिमेंटचा. नव्या बांधकामावर पाणी किती दिवस मारायचं, झाकायचं कसं, नाही झाकलं तर तडे कुठून जातात, हे तिने शेकडो ठोकळे ओतून तपासलं होतं. तिच्या नखांत कायम राखाडी भुकटी. त्या शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा होती. बाहेरून दोन परीक्षक यायचे होते.

बुधवारी रंगीत तालीम ठेवली होती आणि तिथेच घोळ झाला.

तालमीत मार्गदर्शक मॅडम परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या. पहिले दोन प्रश्न नीट गेले. तिसरा प्रश्न होता, तिसऱ्या गटातले ठोकळे आधी का तडकले. मावशीने प्रश्न पकडला, बोटं चालवली, आणि पडदा अडकला. बोटं चालत होती, पडद्यावर काही नाही. मग एकदम सगळं धबाधबा सांडलं, आणि सांडलं ते अर्धं खुणांतच. शब्दांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम त्या गर्दीत मागे राहिला होता. वकीलबाईच्या टॅबवर आलं, ‘तिसऱ्या’, आणि पुढे नुसती तुटकी अक्षरं, जणू कुणी टाइपरायटरवर मांजर सोडलंय.

वकीलबाईने अंदाज बांधला. तिला वाटलं, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल विचारलंय. तिने तिसऱ्या प्रकरणावर दहा वाक्यं तडाखेबंद बोलून टाकली.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, उलट मुलीच्या भल्याचंच बघत होत्या, आणि हेच मावशीला जास्त टोचलं. त्या मावशीकडे बघून म्हणाल्या, “हे परीक्षकांसमोर झालं तर त्यांना वाटेल मुलीला विषय येत नाही. त्यापेक्षा मी अर्ज करते. प्रश्न लेखी देऊ द्या, ती लेखी उत्तरं देईल. शांतपणे.”

मावशीने हे टाइप केलं. या वेळी लॅपटॉप शहाण्यासारखा चालला, एक अक्षर चुकलं नाही. वकीलबाईने वाचलं आणि ताडकन उभी राहिली.

“लेखी नको. वादात लेखी म्हणजे काय? मी त्यांच्या तोंडावर उत्तर देणार.”

“अगं, पण प्रश्नच पोचला नाही तर?” मॅडम म्हणाल्या.

“तो लॅपटॉपचा दोष आहे. माझा नाही. मावशींचापण नाही.” मग ती मावशीकडे वळली. “मावशी, तुमचा लॅपटॉप मिनिटामिनिटाला शिंकतो. मी सोमवारपासून बघतेय. एक शिंक, की एक ओळ गेली.”

मावशीला ते तीन दिवस आठवले. चूक आपली बोटं करताहेत, वय झालं, असं ती मनातल्या मनात मान्य करून बसली होती. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “उद्या संध्याकाळपर्यंत लॅपटॉप नीट झाला तर तोंडी. नाहीतर मी अर्ज करणार, आणि त्यावर वाद नको, वकीलबाई.”

म्हणजे मॅडमपर्यंतसुद्धा ते नाव पोचलं होतं.

मावशी लॅपटॉप पोटाशी धरून संगणक कक्षात गेली. तिथले साहेब कुठल्याही यंत्राकडे आजारी मुलाकडे बघावं तसं बघायचे. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि सुरुवातीचा पडदा बघून म्हणाले, “हे काय लावलंय?”

पडद्यावर मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका वेळी एकानेच बोला.’

“ती पाटी आहे,” मावशी म्हणाली.

पाट्यांची गोष्ट अशी. मावशीच्या कामातला निम्मा त्रास बोलणाऱ्यांचा. दोघं एकदम बोलायचे. कुणी फळ्याकडे तोंड करून बोलायचं, की वकीलबाईला ओठही दिसायचे नाहीत आणि मावशीला शब्दही कळायचे नाहीत. दर तासाला हात जोडून विनंती करायची, तर नवे प्राध्यापक रागवायचे, जुने विसरायचे. मग मावशीने युक्ती काढली. तास सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप लॉक करून त्याचं तोंड वर्गाकडे फिरवून ठेवायचा. लॉकच्या पडद्यावर एकामागून एक पाट्या येत राहतील. ‘एका वेळी एकानेच बोला.’ ‘फळ्याकडे नाही, आमच्याकडे बघून बोला.’ ‘नवा शब्द फळ्यावर लिहा.’ ‘प्रश्न विचारून थोडं थांबा, वाचायला वेळ लागतो.’ माणसाने सांगितलं की राग येतो, यंत्राने दाखवलं की लोक वाचतात. मधल्या सुट्टीत मावशी चहाला गेली तरी लॅपटॉप लॉक, म्हणजे आतलं टिपण कुणी वाचणार नाही, आणि पाट्या आपलं काम करत राहणार.

पाट्या मावशीच्या लेकीने करून दिल्या होत्या. लेक छापखान्यात अक्षरांची मांडणी करायची. दुकानांवरचे, रस्त्यांवरचे, सभागृहांवरचे फलक तिच्या हातचे. मागच्या रविवारी आईच्या वाढदिवसाला तिने पाट्या बसवल्या आणि वर स्वतः काढलेली समुद्राची आणि झाडांची सुंदर चित्रंही घातली. दोन्हींची अदलाबदल करणारा एक फुकटचा प्रोग्रॅमही टाकून दिला. लॉकवरही तीच चित्रं, आत कामाच्या पडद्यामागेही तीच, दर मिनिटाला नवीन.

साहेबांनी एका खिडकीत चालू प्रोग्रॅमची यादी उघडली आणि मान हलवली. “मावशी, यंत्र जुनं. मेमरी थोडी. त्यात तुमचा टाइपिंगचा संसार, वर इंटरनेट. सगळी चित्रं काढून टाका, सपाट काळा रंग ठेवा. शुक्रवारी धोका नको.”

“आणि पाट्या?”

“पाट्यांचं काय एवढं? कागदावर लिहून चिकटवा.”

कागद चिकटवून झाला होता. मागच्या वर्षी. परीक्षकांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता. पण साहेबांच्या तोंडावर हे कशाला बोलायचं? मावशी म्हणाली, “बघते,” आणि घरी आली.

खरा प्रश्न पाट्यांचा नव्हताच, तो लेकीचा होता. लेकीने हौसेने केलेली भेट, आणि चार दिवसांत आईने ती पुसून टाकली, हे सांगायचं कसं? लेक आधीच मनाला लावून घेणारी. लहानपणी तिने केलेला मातीचा हत्ती फुटला तर दोन दिवस जेवली नव्हती. मावशीने फोन केला आणि गोल गोल बोलायला लागली. जेवलीस का, हवा कशी आहे, खोकला गेला का.

लेक म्हणाली, “आई, तू असं गोल गोल विचारतेस तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. काय ते सरळ सांग.”

“काही नाही गं. लॅपटॉप जरा शिंकतो.”

“येतेय.”

गुरुवारी सकाळी छापखान्यात रजा टाकून लेक हजर. मावशीच्या स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करून दोघी समोरासमोर बसल्या. लेकीने हातात आलेलं पहिलं वाचायला घेतलं, ते गॅसच्या शेगडीचं माहितीपत्रक होतं.

“‘शेगडी वापरण्यापूर्वी नळीला भेगा नाहीत याची खात्री करा.’ चाललंय?”

“वाच. थांबू नकोस. परीक्षक थांबत नाहीत.”

मावशी टाइप करत राहिली. थोड्या वेळाने तोच झटका. बोटं पुढे, अक्षरं मागे, आणि मग शेगडीच्या भेगांऐवजी तुटकी अक्षरं. लेक उठून आईच्या मागे उभी राहिली.

“पुन्हा कर. मी तुझ्या खांद्यावरून बघते.”

“बघ. आणि वाचपण.”

“दोन्ही कसं करू? तू पाठ असलेलं काहीतरी टाइप कर.”

मावशीने पाढे टाइप करायला घेतले. टाइपिंगची खिडकी आजवर नेहमी पडदाभर असायची, म्हणून मागे काय चाललंय हे कुणालाच दिसत नव्हतं. लेकीने ती खिडकी अर्धी केली. उरलेल्या अर्ध्यात समुद्र दिसू लागला. सतराचा पाढा निम्म्यावर आला, आणि समुद्र जाऊन झाड आलं. त्याच क्षणी अक्षरं अडकली.

“आई! थांब. नाही, थांबू नकोस, चालू ठेव.”

अठराचा पाढा. झाड जाऊन पाटी आली. पुन्हा अडकलं.

“चित्र बदलतं तेव्हाच अडकतंय,” लेक हळू आवाजात म्हणाली. “म्हणजे मीच.”

“तू कशी? यंत्रच जुनं आहे.”

पण लेकीने ऐकलं नाही. तिने चित्रांचा फोल्डर उघडला, एका पाटीवर उजवीकडचं बटण दाबून तिची माहिती काढली आणि आकडे बघून कपाळावर हात मारून घेतला.

“हे फ्लेक्सचं माप आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तुझ्या पाट्या रस्त्यावरच्या फलकाच्या मापात केल्या. सवयच तशी. छापखान्यात लहान चित्र दिलं की मोठं करताना फाटतं, म्हणून आम्ही सगळं अवाढव्यच करतो. तुझा पडदा केवढा, आणि चित्र केवढं! पडद्यावर मावतात त्याच्या कित्येक पट ठिपके. दर मिनिटाला हा बिचारा तेवढं मोठं चित्र मेमरीत उघडतो, मग पडद्याएवढं बारीक करतो, आणि तेवढ्यात तुझी बोटं दारात उभी.”

मावशीने लॅपटॉपकडे बघितलं, मग लेकीकडे. “म्हणजे आठ फुटी फलक तू माझ्या मांडीवर उभा केलास?”

लेकीला रडू यायच्या बेतात होतं, ते हसण्यात गेलं. “उशी दिली होतीस की त्याला.”

हत्ती फुटला नव्हता. मावशीचा जीव भांड्यात पडला.

मग लेकीने काम हाती घेतलं आणि मावशीने नाक खुपसलं, कारण शुक्रवारी लेक शेजारी बसणार नव्हती. आधी सगळ्या पाट्या आणि चित्रं नेमकी पडद्याच्या मापाची करून साध्या जेपीजीत साठवली. सगळी मिळून आधीच्या एका पाटीपेक्षाही हलकी झाली. ती लॅपटॉपमध्येच ठेवली, इंटरनेटवरच्या साठवणीत नाही, नाहीतर प्रत्येक चित्र आणायला हा बाहेर धावणार. मग अदलाबदलीचा तो फुकटचा प्रोग्रॅम काढून टाकला. तो लॅपटॉप सुरू झाल्यापासून कोपऱ्यात ठाण मांडून बसायचा, आणि जे काम लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये होतं त्यासाठी वेगळा गडी कशाला?

“आता नीट ऐक,” लेक म्हणाली. “दोन फोल्डर. एक पाट्यांचा, तो फक्त लॉकच्या पडद्याला. दुसरा समुद्र-झाडांचा, तो कामाच्या पडद्यामागे.”

“वेगळे कशाला?”

“तू टाइप करतेस तेव्हा लॉकचा पडदा असतो का?”

“नाही. लॉक असताना मी टाइप कसं करणार?”

“मग लॉकवर पाट्या कितीही बदलू देत, तुझ्या बोटांना त्याचा भार नाही. भार फक्त मागच्या चित्रांचा. ती तू बघतच नाहीस, वर खिडकी असते. म्हणून ती दिवसातून एकदा बदलायची.”

मावशीने सेटिंगमध्ये स्वतः बोट नेलं. बदलण्याच्या वेळेच्या यादीत मिनिट होतं, दहा मिनिटं होती, तास होता, शेवटी दिवस होता. तिने दिवस निवडला. लेकीने सेटिंगमधल्या आणखी एका चौकोनातली खूण काढून टाकायला लावली. चित्र बदललं की त्याला शोभेल असा रंग लॅपटॉप आपोआप निवडायचा, आणि खालची पट्टी नव्याने रंगवायचा. “ही हौस नको,” लेक म्हणाली. “रंग एकच ठेव.” बॅटरीवर असताना पाट्या थांबतील, हेही तिने सांगितलं. मावशीची वायर कायम भिंतीत असायची, तेव्हा ती खूण तशीच राहू दिली.

लॉकच्या पाट्या लावून बघितल्या, तर पहिल्याच पाटीत गोंधळ. लॉकवर चित्र नुसतं उभं राहत नाही, हळूहळू सरकतं, मोठं होतं. ‘एका वेळी एकानेच बोला’मधला ‘ए’ कडेला कापला गेला आणि खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ ‘बोला’वर चढून बसलं.

“‘का वेळी एकानेच’,” मावशीने वाचलं. “परीक्षक विचारतील, का?”

लेकीने पाट्या पुन्हा केल्या. अक्षरं मधोमध, चारी बाजूंना भरपूर मोकळी जागा, घड्याळाचा कोपरा रिकामा. मापाला मात्र हात लावला नाही, कारण पडद्यापेक्षा लहान चित्रं गाळायची खूणही तिथे चालू होती.

मग मावशी पुन्हा पाढ्यांना बसली. एकोणीस, वीस, एकवीस. लेकीने मुद्दाम सेटिंगमध्ये जाऊन मागचं चित्र बदललं. समुद्र गेला, झाड आलं, आणि बाविसाचा पाढा न अडखळता पुढे गेला.

संध्याकाळी मावशी लॅपटॉप घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. संगणक कक्षाचे साहेबही मॅडमनी बोलावले होते. साहेबांनी प्रोग्रॅमची यादी उघडून ठेवली, मॅडम एका पुस्तकातून भरभर वाचू लागल्या, मावशी टाइप करू लागली, वकीलबाई टॅबकडे एकटक बघत बसली. चार पानं झाली, एकही ओळ अडकली नाही. साहेब म्हणाले, “मेमरी आता बरीच रिकामी दिसते. मी सांगितलं तसं काळं केलंत ना?”

“नाही,” मावशी म्हणाली आणि खिडकी बाजूला केली. मागे समुद्र होता.

साहेबांनी माप विचारलं, बदलायची वेळ विचारली, आणि म्हणाले, “हे चालेल. हे ठीक केलंत.”

मॅडमनी पुस्तक मिटलं. “बरं. तोंडी.”

वकीलबाईने टॅबवरचं ‘तोंडी’ वाचून मुठी आवळल्या, आणि मॅडमना म्हणाली, “आता तुम्ही वाद घालू नका.”

शुक्रवारी परीक्षक यायच्या आधीच मावशीने वायरीवर चिकटपट्टी लावली आणि लॅपटॉप लॉक करून परीक्षकांच्या खुर्च्यांकडे फिरवून ठेवला. पाट्या संथपणे येऊ-जाऊ लागल्या. उंच परीक्षक बसता बसता वाचू लागले. दुसऱ्या, जाडसर आवाजाच्या बाई होत्या, त्यांनी शेवटची पाटी मोठ्याने वाचली, “‘प्रश्न विचारून थोडं थांबा.’ थांबू की.”

मावशीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, पासवर्ड टाकला, खिडकी पडदाभर केली. तिचे तळहात ओले होते, ते तिने उशीला पुसले.

प्रश्न येत गेले. बाई एकदा मध्येच बोलायला निघाल्या, उंच परीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि त्या हसून थांबल्या. ओळी अखंड जात होत्या. मावशीची बोटं धावत होती आणि पडदा त्यांच्या बरोबरीने धावत होता, एक पाऊल मागे नाही. वकीलबाई पाणी मारण्याबद्दल बोलली, गोणपाटाबद्दल बोलली, तिसऱ्या गटातल्या तड्यांबद्दल बोलली, या वेळी बरोबर प्रश्नाला.

मग उंच परीक्षक पुढे वाकले. “तुमचे ठोकळे सगळे सावलीत होते. दिवसभर उन्हात तापणाऱ्या भिंतीला तुमचा निष्कर्ष लागू पडेल का? आणि पडत नसेल, तर या अभ्यासाचा उपयोग काय?”

मावशीने पूर्णविराम दिला. आणि खोलीत शांतता पसरली.

वकीलबाई टॅबकडे बघत होती. बोलत नव्हती. वकीलबाई, आणि बोलत नव्हती! शांतता लांबली. मॅडमची मान हळूहळू मावशीकडे वळली. बाई परीक्षकांनीही लॅपटॉपकडे पाहिलं. मावशीने पडद्यावर नजर टाकली. प्रश्न होता, पुरता होता, पहिल्या शब्दापासून प्रश्नचिन्हापर्यंत. तिने मान तिरकी करून टॅबकडे पाहिलं. तिथेही होता.

“मी प्रश्न पुन्हा विचारू का?” उंच परीक्षक म्हणाले. मावशीने हेही टाइप केलं.

वकीलबाईने वाचलं आणि मान वर केली.

“नको, सर. प्रश्न पूर्ण आलाय. अवघड आहे. विचार करतेय.”

परीक्षक खुर्चीत मागे टेकले. मावशीने हात उशीवर ठेवले आणि त्या शांततेत, इतरांसारखीच, उत्तराची वाट बघत बसली.